हप्ता झेपत नाही, मॅनेजरला पत्र कसं लिहू?

*ताई, इंदूरला सुदामानगरात माझं वह्या-पुस्तकं, दप्तरं, स्टेशनरीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी आठ लाखांचं टर्म लोन घेतलं, पाच वर्षांसाठी, १२ टक्क्यांनी, हप्ता १७,८००. शिवाय तीन लाखांची सीसी म्हणजे कॅश क्रेडिट आहे, ती कायम पूर्ण उचललेलीच. जवळच्या दोन शाळा आता वह्या-पुस्तकं शाळेतूनच देतात. विक्री महिन्याला सरासरी ३ लाख २० हजार होती, ती २ लाख १० हजारांवर आली. ५ जुलै आणि ५ ऑगस्टचे हप्ते गेले नाहीत. बँकेला पुनर्रचनेचं पत्र द्यायचंय, पण काय लिहावं कळत नाही. बायको म्हणते, माझे दागिने विका, दोनेक लाख येतील, त्यातून हप्ते भरत राहा. मेहुणे जामीन आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. हिशोबाच्या वहीचे फोटो सोबत पाठवतोय.*

भाऊ,

पत्र लिहायला बसण्याआधी कॅलेंडरवर ३ ऑक्टोबरभोवती लाल गोल करा. किती हप्ते चुकले यापेक्षा सगळ्यात जुना हप्ता किती दिवस थकलाय, यावर बँकेचं सगळं ठरतं. तुमचा जुना हप्ता ५ जुलैचा. त्याला ४ ऑगस्टला तीस दिवस झाले आणि खातं ‘एसएमए-१’ या धोक्याच्या खात्यांच्या यादीत गेलं. ३ सप्टेंबरला साठ दिवस होतील, मग ते ‘एसएमए-२’. ३ ऑक्टोबरला नव्वद झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. ही मोजणी रोज रात्री संगणक करतो, मॅनेजरच्या मनात असलं तरी त्याला ती थांबवता येत नाही. आणि एका कर्जदाराचं एक खातं एनपीए झालं की दुसरंही होतं, म्हणजे टर्म लोनबरोबर तुमची सीसीही जाईल.

यात तुमच्या हाती एक गोष्ट आहे. भरलेला पैसा आधी जुन्या हप्त्याला लागतो. जुलैचे १७,८०० आणि त्यावरचा दंड आत्ता भरलात, तर सगळ्यात जुना हप्ता ५ ऑगस्टचा उरेल आणि लाल गोल ३ नोव्हेंबरवर सरकेल. तुमच्या अर्जावर निर्णय व्हायला तेवढा वेळ लागतोच. हे पैसे उधारी वसूल करून आणा, पडून राहिलेला माल मोडीच्या भावात काढून आणा, पण व्याजाने आणू नका. खातं एकदा एनपीए झालं की मग एक हप्ता भरून ते मागे येत नाही, सगळी थकबाकी पूर्ण भरावी लागते. त्यामुळे आज भरलेल्या १७,८०० रुपयांना जी किंमत आहे, ती ऑक्टोबरात राहणार नाही.

आता पुनर्रचना या शब्दाबद्दल. बाजारात कोणीतरी तुम्हाला सांगेल की आमच्या भावाने मुदत वाढवून घेतली, काही झालं नाही. ते बहुधा २०१९ ते २०२१ मधलं असेल. तेव्हा लहान उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेने खास सवलत दिली होती आणि पुनर्रचना करूनही खातं नियमित धरलं जात होतं. ती सवलत संपली. आज अडचणीतल्या कर्जदाराला मुदत वाढवून दिली, हप्ता कमी करून दिला, की ती पुनर्रचना. आणि नियमित खातंसुद्धा त्याच दिवशी ‘सबस्टँडर्ड’ म्हणजे एनपीएच्या पहिल्या पायरीवर जातं. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर ती नोंद दिसते. त्यानंतर एक वर्षभर एकही हप्ता तीस दिवसांपेक्षा जास्त थकला नाही आणि सीसी मर्यादेत राहिली, तर खातं परत नियमित होऊ शकतं.

मॅनेजर पटकन ‘हो’ का म्हणत नाही, याचं कारणही इथेच आहे. चांगल्या कर्जावर बँकेला शंभर रुपयांमागे पन्नास पैशांपेक्षाही कमी रक्कम बाजूला ठेवावी लागते. तारण असलेलं कर्ज सबस्टँडर्ड झालं की पंधरा रुपये. तुमच्या टर्म लोनपुरतं बोलायचं तर तेच ऐंशी हजारांच्या वर जातात. म्हणून तो आधी विचारेल, पुनर्रचना केली तर हे दुकान नवा हप्ता खरंच भरेल का? तुमचं पत्र म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे.

पण त्याआधी वहिनींच्या दागिन्यांचं बोलू, कारण तो निर्णय पत्राच्या आधी व्हायला हवा. दागिने विकून महिन्याला १७,८०० भरत राहिलात, तर दोन लाख अकरा महिन्यांत संपतील. बाराव्या महिन्यात हप्ता तोच असेल, दुकान तेच असेल आणि दागिने नसतील. असं करू नका. तेच दोन लाख एकरकमी कर्जात भरले तर मात्र गणित बदलतं. दोन महिन्यांचं व्याज धरून आज तुमच्याकडे साधारण ५ लाख ४७ हजार निघतात. त्यातून दोन लाख गेले की ३ लाख ४७ हजार उरतात, आणि मूळ मुदतीतले ३४ महिने तसेच ठेवून हप्ता बसतो सुमारे १२,१००. दागिन्यांना हात न लावता कर्ज ६० महिन्यांवर नेलं तर हप्ता येतो सुमारे १२,१७०. हप्ता जवळजवळ सारखाच. फरक असा की पहिल्या वाटेत पुढे व्याज जातं साधारण ६४ हजार, दुसरीत १ लाख ८३ हजार.

शिवाय मूळ मुदत वाढत नसेल आणि बाकी मूळ वेळापत्रकापेक्षा खाली असेल, तर सहसा ती पुनर्रचना धरत नाहीत. तरी मॅनेजरकडून हे आधी स्पष्ट विचारून घ्या. आणि पैसे भरताना लेखी द्या की मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. हे लिहून दिलं नाही तर पुष्कळ ठिकाणी हप्ता तोच राहतो आणि मुदत घटते. तुम्हाला त्याचा आज काही उपयोग नाही.

मग दागिने विकावेत का? दागिने वहिनींचे आहेत, हे मी आधी म्हणेन. त्यांनी स्वतःहून म्हटलंय खरं, पण ‘हप्ते भरा’ म्हणून म्हटलंय. वरचे दोन्ही हिशोब त्यांच्यासमोर मांडा आणि मग पुन्हा विचारा. येत्या दोन वर्षांत मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं असेल, तुम्ही त्यात सहकर्जदार असणार असाल, तर क्रेडिट रिपोर्टवरचा डाग महाग पडेल आणि मी दागिन्यांच्या बाजूने बोलेन. तसं काही नसेल, तर माझं मत दागिने घरात ठेवून पुनर्रचना मागावी असं आहे. विक्री अजून स्थिरावलेली नाही. अशा वेळी घरातली शेवटची पुंजी दुकानात ओतली आणि दुकान तरीही बसलं, तर काहीच उरत नाही.

तुमची वही मी नीट पाहिली. त्यात सगळं आहे, फक्त एका जागी नाही. स्टेशनरीत तुम्हाला बावीस टक्के सुटतात, म्हणजे २ लाख १० हजारांवर ४६,२००. दुकानाचं भाडं ९,०००, कामावरच्या मुलाचा पगार १०,०००, वीज आणि किरकोळ ३,५००, सीसीचं व्याज ३,०००. हे २५,५०० गेले की उरतात २०,७००. घरखर्च २०,०००, त्यातले ९,००० वहिनींच्या बालवाडीच्या पगारातून येतात, म्हणजे दुकानातून ११,००० काढावे लागतात. हप्त्यासाठी राहिले ९,७००. आजचा हप्ता का जात नाही, हे इथे एका ओळीत कळतं.

तुम्ही वहीत एका कोपऱ्यात लिहिलंय की दुकानातल्या मुलाला अर्धा दिवस ठेवावं का. तो निर्णय घेतलात तर पाच हजार वाचतात आणि हप्त्यासाठी १४,७०० राहतात. म्हणून १४,७०० चा हप्ता मागायचा नाही. बँक पाहते की एक रुपयाच्या हप्त्यामागे दुकानात किती पैसे उरतात. १२,१७० च्या हप्त्याला तुमच्याकडे एक रुपया वीस पैसे उरतात. फार नाही, पण बोलण्यासारखं आहे. जुलैचा हप्ता आधी भरलात की बाकी तेवढी कमी होऊन हा हप्ता सुमारे ११,७७० वर येतो, पत्रात तोच आकडा धरलाय. विक्री दोन लाखांच्या खाली गेली तर मात्र हा हप्ताही जाणार नाही, हे आजच लक्षात घ्या. आणि हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. तुमचा धंदा एप्रिल ते जुलै चालतो आणि हिवाळ्यात मंदावतो, तेव्हा सीझनच्या पैशातून दोन हप्ते वेगळे काढून ठेवावे लागतील.

वहीत मला एक गोष्ट खटकली. दुकानातला क्यूआर दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या बचत खात्याला जोडलेला आहे. सोयीसाठी केलं असेल, पण मॅनेजर सीसी खातं उघडतो तेव्हा त्याला महिन्याला लाखभरही जमा दिसत नाही. त्याला वाटणार, विक्री आहे पण पैसा दुसरीकडे वळवला जातोय. त्या संशयावर कुठलंही पत्र टिकत नाही. पत्र देण्याआधी क्यूआर सीसी खात्याला जोडा आणि बचत खात्याचा बारा महिन्यांचा उतारा स्वतःहून पत्राला लावा. तुमची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे, जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे रिटर्नचा पुरावा तुमच्याकडे नाही. दोन्ही खात्यांचे उतारे, खजुरी बाजारातल्या ठोक व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं आणि ही गल्ल्याची वही, हाच तुमचा पुरावा.

मी बँकेच्या शाखेत कामाला असताना एका कापड दुकानदाराने असंच पत्र दिलं होतं. चार पानं. आईचं आजारपण, पावसात भिजलेला माल, सगळं खरं होतं आणि वाचून मलाही वाईट वाटलं. पण त्यात आकडा एकही नव्हता आणि नेमकं काय हवंय तेही नव्हतं. मी ते तसंच क्षेत्रीय कार्यालयाला पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आलं, विक्रीचे आकडे आणि परतफेडीचा प्रस्ताव जोडा म्हणून. तोवर नव्वद दिवस उलटले होते. त्या माणसाला मी पहिल्याच दिवशी समोर बसवून कागदावर हिशोब मांडायला हवा होता. शाखेतला मॅनेजर पत्र वाचतो आणि त्यातूनच वर पाठवायची टिपणी तयार करतो, हे बाहेरच्याला माहीत नसतं. त्याला उचलून जशीच्या तशी टिपणीत घालता येतील अशी वाक्यं द्या.

मसुदा खाली देते. इंदूरच्या शाखेत तो हिंदीतच जाईल, तेव्हा हिंदीत उतरवून घ्या. तिथे ‘ऋण पुनर्गठन’ असा शब्द वापरा. एका पानात बसला पाहिजे.

> प्रति, शाखा व्यवस्थापक
>
> विषय: टर्म लोन खाते क्र. … च्या परतफेडीची पुनर्रचना करण्याबाबत
>
> महोदय,
>
> माझे सुदामानगर येथे स्टेशनरीचे दुकान आहे. वरील कर्जाचे जूनपर्यंतचे सर्व २४ हप्ते मी भरले आहेत. ५ जुलैचा हप्ता दि. … रोजी उशिरा भरला असून ५ ऑगस्टचा हप्ता थकला आहे.
>
> परिसरातील दोन शाळांनी वह्या-पुस्तकांची विक्री स्वतः सुरू केल्याने माझी मासिक सरासरी विक्री ३,२०,००० वरून २,१०,००० रुपयांवर आली आहे. ही विक्री परत येईल असे मी गृहीत धरलेले नाही. मागील दोन वर्षांचा महिनावार तक्ता जोडला आहे.
>
> खर्च कमी करून आणि घरखर्च वजा जाता हप्त्यासाठी माझ्याकडे दरमहा सरासरी १४,७०० रुपये राहतात. हिशोब जोडला आहे.
>
> विनंती अशी की, आजची संपूर्ण बाकी ६० मासिक हप्त्यांत विभागून हप्ता सुमारे ११,७७० रुपये करावा. व्याजदरात सूट किंवा हप्त्यांना स्थगिती मी मागत नाही.
>
> दुकानाच्या क्यूआरची संपूर्ण जमा दि. … पासून आपल्या शाखेतील सीसी खात्यात येत आहे. दोन कोचिंग क्लासना दरमहा रजिस्टर व वह्या पुरवण्याचे काम जूनपासून सुरू केले असून त्याची बिले जोडली आहेत.
>
> पुनर्रचनेनंतर खात्याच्या वर्गीकरणात होणाऱ्या बदलाची मला कल्पना आहे. जामीनदारांशी बोललो असून ते नव्या कागदपत्रांवर सही करण्यास तयार आहेत. दुकान व मालाची पाहणी कोणत्याही दिवशी करावी.

‘ही विक्री परत येईल असे गृहीत धरलेले नाही’ हे वाक्य गाळू नका. बहुतेक जण ‘दिवाळीनंतर धंदा सुधारेल’ लिहितात आणि वाचणारा तिथेच थांबतो, कारण ते त्याने शंभर पत्रांत वाचलेलं असतं. तुम्ही पडलेल्या विक्रीवरच हप्ता बसवून दाखवताय, हेच या पत्राचं बळ आहे. कोचिंग क्लासचा उल्लेखही त्यासाठीच ठेवला. भंवरकुआच्या त्या दोन ऑर्डरी तुमच्या वहीत बिलांसकट आहेत. जे अजून सुरू झालेलं नाही, झेरॉक्स मशीन घेणार वगैरे, ते पत्रात नको.

स्थगिती मागू नका असं मी मुद्दाम लिहिलं. सहा महिने हप्ता नाही, हे ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास व्याज चढत राहतं, आणि खातं परत नियमित होण्याच्या वर्षाची मोजणीही परतफेड सुरू झाल्यावरच सुरू होते.

कोणी सांगेल की उद्यम नोंदणी दाखवा आणि लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाच्या २०१५ च्या चौकटीवर बोट ठेवा. किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते हे खरं, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच ठेवलेला आहे. नोंदणीची प्रत जोडा, पण हक्काची भाषा करू नका. ही पुनर्रचना बँक आपल्या निर्णयाने देते.

पत्र दोन प्रतींत न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि त्याच दिवशी शाखेच्या ईमेलवरही पाठवा. दर आठवड्याला जाऊन फक्त एवढंच विचारा: टिपणी वर गेली का, आणि कुठला कागद कमी आहे का. काहीच उत्तर आलं नाही तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा, आणि तिलाही तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे उत्तर न मिळाल्याची दाद लागेल. बँकेने विचार करून नकार दिला असेल तर लोकपाल तो सहसा फिरवत नाही. नकार आलाच तर लेखी कारण मागा. मग दागिन्यांच्या हिशोबाकडे परत या, तो पर्याय तोवर शाबूत असेल.

आणि मेहुण्यांना फोन आज करा. कर्जाच्या अटी बदलताना बँक त्यांची नवी सही घेणारच, कारण जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर त्याची हमी सुटू शकते. शाखेतून त्यांना थेट बोलावणं गेलं तर ते घाबरतील आणि दुखावतीलही. जमलं तर आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या घरी जा आणि वरचे आकडे त्यांनाही दाखवा.